बीसीसीला १०४.७ आणि ३७ टक्के कसे आले: गोळे कुठे टेकतात ते आधी बघ

"सर, मी सोलापूरला बारावी सायन्सला आहे. सॉलिड स्टेटच्या असाइनमेंटमध्ये तिन्ही क्यूबिक युनिट सेलची पॅकिंग एफिशियन्सी काढून दाखवायची आहे. सिंपल क्यूबिकचं ५२.४ बरोबर आलं. पण बीसीसीला माझं उत्तर १०४.७ टक्के येतंय आणि माझ्या मैत्रिणीचं ३७ टक्के. पुस्तकात ६८ दिलंय. √3 कधी आणि √2 कधी घ्यायचा तेच कळत नाही. नुसतं पाठ करून लिहून टाकू का?"

पाठ करून लिहिण्याची गरज नाही. तुम्हा दोघींचे आकडे बघूनच चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येतं. तुझे १०४.७ म्हणजे सिंपल क्यूबिकच्या ५२.३६ ची दुप्पट. म्हणजे बीसीसीत दोन अणू धरलेस ते बरोबर, पण घनाची कड a आणि गोळ्याची त्रिज्या r यांचं a = 2r हे सिंपल क्यूबिकचं नातं तसंच पुढे ओढलंस. मैत्रिणीचे ३७ म्हणजे एफसीसीच्या ७४ ची निम्मी. तिनेही अणू दोनच धरलेत, पण a आणि r चं नातं एफसीसीचं घेतलंय. अणू मोजण्यात दोघींचीही चूक नाही. गोळे एकमेकांना कोणत्या रेषेवर टेकतात, एवढंच चुकलंय. या धड्यात मुलांचे मार्क जातात ते बहुतेक वेळा इथेच.

पॅकिंग एफिशियन्सीत आपण करतो एवढंच, की युनिट सेलमध्ये जितके अणू आहेत त्यांचं घनफळ काढायचं, त्याला घनाच्या घनफळाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. अणू म्हणजे कडक, एकसारखे गोळे असं धरतो. गोळ्याचं घनफळ r मध्ये येतं आणि घनाचं घनफळ a मध्ये. दोन वेगवेगळी अक्षरं वर-खाली राहिली तर उत्तर निघणार नाही, म्हणून a आणि r यांना जोडणारं एक समीकरण लागतं. ते समीकरण सूत्रांच्या यादीतून घ्यायचं नसतं, आकृतीतून घ्यायचं असतं. घनात अशी एक सरळ रेषा शोधायची, जिच्यावर गोळे मध्ये फट न ठेवता ओळीने टेकलेले आहेत. त्या रेषेची लांबी एकदा a मध्ये लिहायची, एकदा r मध्ये लिहायची, आणि दोन्ही बरोबर मांडायच्या. तिन्ही सेलमध्ये करायचं काम हेच आहे. फक्त टेकण्याची रेषा बदलते.

अणूंच्या मोजणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला येते. घनाचे कोपरे हे गोळ्यांचे मध्यबिंदू असतात, गोळ्यांच्या बाहेरून काढलेली पेटी नसते. त्यामुळे कोपऱ्यावरचा गोळा आठ शेजारी घनांत वाटला जातो आणि आपल्या वाट्याला त्याचा आठवा हिस्सा येतो. पृष्ठाच्या मध्यावरचा गोळा दोन घनांत निम्मा निम्मा जातो. घनाच्या पोटातला गोळा अख्खा आपला. म्हणून नुसत्या कोपऱ्यांवर गोळे असलेल्या सिंपल क्यूबिकमध्ये एक, कोपऱ्यांशिवाय पोटात एक गोळा असलेल्या बीसीसीत दोन, कोपऱ्यांशिवाय सहाही पृष्ठांच्या मध्यावर गोळे असलेल्या एफसीसीत चार. ज्यांना हे कळलेलं असतं तीही मुलं आकृती काढताना गोळे अख्खे घनाच्या आत बसवतात, आणि मग पुढची भूमिती बिघडते. आकृतीत घनाच्या कडा गोळ्यांच्या मध्यातूनच जायला हव्यात.

आता एक काम कर. नवी पेठेतल्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानातून ५ सेंटिमीटर व्यासाचे थर्माकोलचे नऊ गोळे आण आणि टूथपिकांचं एक पाकीट. चार गोळे चौरसात एकमेकांना टेकवून जोड. तसेच आणखी चार जोड आणि हा दुसरा चौरस पहिल्यावर बरोबर डोक्यावर डोकं येईल असा ठेव. हा झाला सिंपल क्यूबिक. इथे गोळे कडेवर टेकलेत. कडेच्या एका टोकाला एका गोळ्याचा मध्य, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचा, म्हणून कडेची लांबी दोन त्रिज्या:

a = 2r

घनात एकच गोळा आहे. r च्या जागी a/2 घातला, की गोळ्याचं घनफळ होतं πa³/6, आणि a³ ने भागलं की उरतं π/6, म्हणजे ०.५२३६. टक्केवारीत ५२.४. निम्म्याला थोडीशीच कमी जागा मोकळी राहिली. इतकी सैल रचना मूलद्रव्यांत फार दुर्मीळ आहे. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला सिंपल क्यूबिक रचना असलेलं उदाहरण म्हणून पोलोनियमचंच नाव येतं. असाइनमेंटमध्ये उदाहरण मागितलं तर तेवढं एक लिही, जास्त शोधत बसू नकोस.

आता तो नववा गोळा हातात घे आणि आठ गोळ्यांच्या मधल्या पोकळीत घालायचा प्रयत्न कर. तो जाणार नाही. का जाणार नाही हे मोजूनच बघ, कारण तुझे १०४.७ टक्के इथेच तयार झालेत. घनाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे घनाच्या कर्णाचा अर्धा भाग. a = 2r असताना हे अंतर 1.732r भरतं. मधला गोळा कोपऱ्यातल्या गोळ्याला नुसता टेकायलासुद्धा दोन मध्यांमध्ये 2r अंतर हवं. म्हणजे प्रत्येक कोपऱ्याकडे 0.268r इतकी जागा कमी पडते. आपल्या ५ सेंटिमीटरच्या गोळ्यांत त्या पोकळीत जास्तीत जास्त ३.६६ सेंटिमीटर व्यासाचा गोळा बसेल. तू कागदावर ५ चा गोळा तिथे बसवलास, म्हणजे तो कोपऱ्यातल्या आठही गोळ्यांच्या अंगात घुसला. गोळे एकमेकांत घुसले की त्यांच्या घनफळांची बेरीज घनापेक्षा मोठी येऊ शकते, आणि इथे तसंच होऊन शंभराच्या वरचं उत्तर मिळालं. कुठल्याही सेलला शंभरच्या वर उत्तर आलं तर आकडेमोड पुन्हा तपासत बसू नकोस. गोळे एकमेकांत घुसलेत, असं समजून सरळ आकृतीकडे परत जा.

मग मधला गोळा बसवायचा कसा? कोपऱ्यातले गोळे सगळ्या बाजूंनी सारखे मागे सरकवून. जोड सोडव, प्रत्येक कडेवर दोन गोळ्यांच्या मध्ये साधारण ७.७ मिलिमीटर फट ठेवून टूथपिकने पुन्हा बांध, आणि नववा गोळा मध्ये घाल. आता तो आठही गोळ्यांना नेमका टेकतो. हा बीसीसी. नीट बघ, कडेवरचे गोळे आता एकमेकांना टेकलेले नाहीत, मध्ये फट आहे. टेकलेले गोळे फक्त एका रेषेवर सापडतात: एका कोपऱ्यातला गोळा, मधला गोळा आणि थेट समोरच्या कोपऱ्यातला गोळा. ही रेषा घनाच्या पोटातून जाते, तोच घनाचा कर्ण.

या कर्णाची r मधली लांबी मोज. पहिल्या कोपऱ्यातल्या गोळ्याची एक त्रिज्या, मधल्या गोळ्याचा अख्खा व्यास म्हणजे दोन त्रिज्या, आणि समोरच्या गोळ्याची एक. एकूण 4r. आता तीच लांबी a मध्ये. इथे पायथागोरस दोनदा लागतो, आणि √3 तिथूनच येतो. आधी घनाच्या तळाकडे बघ. तळाच्या दोन कडा a आणि a, त्यांच्यात काटकोन, म्हणून तळाचा कर्ण √2a. मग उभा काटकोन त्रिकोण घे. त्याचा पाया हा तळाचा कर्ण √2a, उंची म्हणजे उभी कड a, आणि त्याचा कर्ण म्हणजे आपल्याला हवा असलेला घनाचा कर्ण. वर्गांची बेरीज 2a² + a² = 3a². म्हणून

4r = √3a

म्हणजे r = √3a/4. दोन गोळ्यांचं घनफळ आता a मध्ये मांडता येतं:

2 × (4/3)π(√3a/4)³ = √3πa³/8

a³ ने भाग, √3π/8 उरतो. त्याची किंमत ०.६८०२, म्हणजे ६८ टक्के. या पायरीवर एक लहानशी गडबड होते ती सांगून ठेवतो. (√3)³ म्हणजे 3√3, नुसता √3 नाही. घन करताना तो ३ विसरला तर उत्तर २२.७ येतं. २२.७ दिसलं की भूमिती बरोबर आहे, घन करताना घसरलीस, एवढं ओळखायचं.

आता मैत्रिणीचे ३७. तिने बीसीसीला 4r = √2a लावलं, म्हणजे पृष्ठाच्या कर्णावर गोळे टेकतात असं धरलं. पण बीसीसीच्या पृष्ठावर मध्ये गोळाच नसतो. तिच्या समीकरणाने घन इतका मोठा होतो, की कोपऱ्यातल्या गोळ्यांमधलं अंतर 2.83r होतं आणि मधल्या गोळ्यापासून कोपऱ्यातल्या गोळ्यापर्यंतचं 2.45r. दोन्ही 2r पेक्षा जास्त. म्हणजे तिच्या सेलमध्ये एकही गोळा दुसऱ्याला टेकत नाही, सगळे अधांतरी. तुझ्यापेक्षा ही चूक जास्त फसवी आहे, कारण १०४ बघून कुणीही दचकेल, पण ३७ हा आकडा वरवर पटण्यासारखा वाटतो. तो ओळखायचा असा: सिंपल क्यूबिकमध्ये मधली पोकळी मोकळी पडलेली असते, तरी ५२ येतात. बीसीसीत तिथे गोळा बसवलाय, कोपऱ्यातले गोळे त्यासाठी फक्त जरुरीपुरतेच सरकवलेत, मग जागा ५२ पेक्षा कमी कशी भरेल? बीसीसीला ५२ पेक्षा कमी आलं आणि ते वरचं २२.७ नसेल, तर टेकण्याची रेषा चुकली असं समज.

एफसीसीसाठी थर्माकोल पुरणार नाही, चौदा गोळे लागतील. त्यापेक्षा लक्ष्मी मंडईत जाऊन मोसंबीचा ढीग बघ. विक्रेते तळाला चौरसात मोसंबी मांडतात आणि वरचं प्रत्येक फळ खालच्या चार फळांमधल्या खळग्यात ठेवतात. तो रचलेला ढीग एफसीसीच असतो, पण पाहणाऱ्याला ते पटकन दिसत नाही, कारण युनिट सेल त्यात पंचेचाळीस अंशांनी फिरलेला असतो. तळाच्या थरातलं कुठलंही एक मधलं फळ निवड. त्याला टेकलेली चार फळं बघ: पुढचं, मागचं, डावीकडचं, उजवीकडचं. ही चार फळं म्हणजे एफसीसीच्या एका पृष्ठाचे चार कोपरे, आणि निवडलेलं फळ म्हणजे त्या पृष्ठाचा मध्य. ढिगात जी सरळ रांग टेकलेली दिसते ती युनिट सेलची कड नाही. ती पृष्ठाचा कर्ण आहे. सेलची कड पुढच्या फळापासून उजवीकडच्या फळापर्यंत तिरकी जाते, आणि ती दोन फळं एकमेकांना टेकत नाहीत. √2 कुठून आला याचं उत्तर या तिरक्या कडेत आहे.

आता लिहायचं काम सोपं. पृष्ठाच्या कर्णावर कोपऱ्यातला, मधला आणि समोरच्या कोपऱ्यातला असे तीन गोळे टेकलेले, म्हणून r मध्ये लांबी पुन्हा 4r. a मध्ये ती √2a, कारण इथे पायथागोरस एकदाच लागतो, आपण एकाच पृष्ठावर आहोत. म्हणून

4r = √2a

म्हणजे r = a/(2√2). घनात चार गोळे:

4 × (4/3)π(a/(2√2))³ = πa³/(3√2)

किंमत ०.७४०५, म्हणजे ७४ टक्के. तुझी a = 2r ची चूक एफसीसीत केली असती तर २०९ टक्के आले असते, आणि घनाचा कर्ण घेतला असता तर १३६. हेही आकडे लक्षात ठेवायला हरकत नाही, तपासताना उपयोगी पडतात. एफसीसीत घनाच्या पोटात मध्यभागी गोळा नसतो, त्यामुळे घनाच्या कर्णावर टेकण्याचा प्रश्नच येत नाही. √3 की √2 या तुझ्या गोंधळाचं उत्तर एवढंच: जादा गोळा पोटात आहे की पृष्ठावर, ते बघ. ज्या कर्णाच्या मध्यावर तो बसलाय तो कर्ण घ्यायचा. जादा गोळाच नसेल तर कड.

७४ च्या वर जाता येईल का, असं तोंडी परीक्षेत विचारतात. एकसारख्या गोळ्यांनी नाही. केप्लरने १६११ मध्ये असा अंदाज मांडला होता, पण त्याची सिद्धता यायला फार काळ गेला. थॉमस हेल्स यांनी ती १९९८ मध्ये जाहीर केली आणि संगणकावर ओळ न ओळ तपासून झाली २०१४ मध्ये. हेक्सॅगोनल क्लोज पॅकिंग म्हणजे एचसीपी रचनेतही नेमके हेच ७४ टक्के येतात. फरक फक्त थरांच्या क्रमाचा असतो.

वहीत लिहिताना π = 3.14 आणि √3 = 1.73 घेतलेस तर बीसीसीला ६७.९ येईल, आणि √2 = 1.41 घेतलास तर एफसीसीला ७४.२. ही चूक नाही, दशांश कापल्याचा परिणाम आहे. पण पुस्तकातला आकडा जुळावा म्हणून मधली पायरी खोडून ६८ किंवा ७४ लिहू नकोस. तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं. √2 ला 1.414 आणि √3 ला 1.732 घेतलेस की प्रश्नच मिटतो.

तुझ्या असाइनमेंटमध्ये बहुधा एखादं गणितही असेल, ज्यात धातूचं नाव आणि पिकोमीटरमध्ये कड दिलेली असते आणि पॅकिंग एफिशियन्सी विचारलेली असते. तिथे दिलेल्या कडेची गरजच नसते. a वर आणि खाली कटून जातो, म्हणून तांबं असो, चांदी असो की ॲल्युमिनियम, एफसीसी म्हटलं की ७४ टक्केच. आकडा दिलाय म्हणून तो वापरलाच पाहिजे, या सवयीने मुलं अर्धं पान भरतात. कड लागते ती घनता काढायला. आणि पॅकिंग एफिशियन्सीचा खरा अर्थ तिथेच कळतो, म्हणून तांब्याचं एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

तांब्याच्या अणूची त्रिज्या १२७.८ पिकोमीटर, मोलर वस्तुमान ६३.५५ ग्रॅम. एका अणूचं वस्तुमान ६३.५५ ला ॲव्होगाड्रो संख्येने भागून 1.055 × 10⁻²² ग्रॅम. एफसीसी असल्याने a = 2√2r, म्हणजे ३६१.५ पिकोमीटर. एक पिकोमीटर म्हणजे 10⁻¹⁰ सेंटिमीटर, म्हणून a = 3.615 × 10⁻⁸ सेंटिमीटर आणि a³ = 4.724 × 10⁻²³ घन सेंटिमीटर. चार अणूंचं वस्तुमान 4.221 × 10⁻²² ग्रॅम. भागाकार करून घनता ८.९४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तांब्याचा तुकडा वजन करून आणि पाण्यात बुडवून मोजलेली घनता ८.९६ आहे. त्रिज्या एक्स-रेने मोजलेल्या कडेवरून काढलेली, घनता तराजूने, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, तरी आकडे जुळले. म्हणजे सेलमध्ये चारच अणू आहेत हे नक्की झालं.

आता कल्पना कर, की हेच अणू, याच त्रिज्येचे, बीसीसीत रचले. a = 4r/√3 म्हणजे २९५.१ पिकोमीटर, अणू दोन, घनता ८.२१. सिंपल क्यूबिकमध्ये रचले तर a = २५५.६ पिकोमीटर, अणू एक, घनता ६.३२. आता ६.३२, ८.२१ आणि ८.९४ यांचं गुणोत्तर काढ. ते ५२.४, ६८ आणि ७४ यांच्या गुणोत्तराइतकंच येतं. अणू तेच, वजन तेच, मधली रिकामी जागा कमी-जास्त झाली तशी घनता बदलली. "धातूची त्रिज्या आणि घनता दिली आहे, रचना ओळखा" असं गणित आलं तर हीच तीन उत्तरं काढायची आणि कुठलं जुळतं ते बघायचं. अशा गणितात मुलं हमखास अडतात ती पिकोमीटरचा घन करताना: 10⁻¹⁰ चा घन 10⁻³⁰ होतो हे विसरतात आणि घनतेत दशांश चिन्ह भलतीकडेच जातं. धातूची घनता अशक्य वाटावी इतकी मोठी किंवा लहान दिसली तर आधी तिकडे बघ.

हे सगळं कडक गोळ्यांच्या हिशेबावर चाललंय, आणि तो हिशेब कुठपर्यंत खरा, हे लोखंडात चांगलं दिसतं. आपल्या हातातलं लोखंड बीसीसी असतं. तापवत नेलं की ९१२ अंश सेल्सिअसला ते एफसीसी होतं. आपल्या आकड्यांप्रमाणे ६८ टक्क्यांवरून ७४ वर जाताना त्याचं घनफळ ८ टक्क्यांनी आक्रसायला हवं. प्रत्यक्षात ते आक्रसतं जेमतेम १ टक्का. आक्रसण्याची दिशा बरोबर निघाली, प्रमाण मात्र फार चुकलं. कारण अणू म्हणजे थर्माकोलचा गोळा नाही. बीसीसीत प्रत्येक अणूला टेकलेले शेजारी आठ असतात, एफसीसीत बारा. शेजारी वाढले की प्रत्येकाशी असलेला बंध थोडा सैल पडतो आणि अणूंमधलं अंतर वाढतं. त्याच तापमानाला लोखंडाची त्रिज्या बीसीसीत साधारण १२६ पिकोमीटर धरावी लागते आणि एफसीसीत साधारण १२९. नीट रचल्यामुळे वाचलेली बरीचशी जागा अणूंनी फुगून खाऊन टाकली. म्हणून तांब्याच्या वरच्या उदाहरणात मी "याच त्रिज्येचे" असं मुद्दाम म्हटलं. खरं तांबं बीसीसीत रचता आलं तर त्याची घनता ८.२१ पेक्षा जास्तच भरेल.

लोखंडाचीच आणखी एक गोष्ट असाइनमेंटच्या शेवटी दोन ओळींत लिहिलीस तर तुझे सर खूश होतील. बीसीसीत ३२ टक्के जागा रिकामी आणि एफसीसीत २६ टक्के. मग कार्बन जास्त कुठल्या लोखंडात विरघळावा? कुणीही बीसीसी म्हणेल. उत्तर उलटं आहे. एफसीसी लोखंडात ११४७ अंशांना वजनाने सुमारे २.१ टक्के कार्बन मावतो, बीसीसीत ७२७ अंशांना सुमारे ०.०२ टक्के. रिकामी जागा एकूण किती यापेक्षा एकेक पोकळी केवढी, याला इथे महत्त्व आहे. एफसीसीतली मोठी पोकळी 0.414r त्रिज्येची, ती बरोबर कडेच्या मध्यावर असते, मोसंबीच्या ढिगात ज्या तिरक्या कडेवर फळं टेकत नव्हती तिथेच. घनाच्या अगदी मध्यावरही तशीच एक असते. बीसीसीत रिकामी जागा जास्त असली तरी ती लहान लहान पोकळ्यांत वाटली गेलेली, आणि त्यातली मोठ्यात मोठी 0.291r ची. म्हणजे एफसीसी लोखंडात पोकळीची त्रिज्या साधारण ५३ पिकोमीटर, बीसीसीत साधारण ३७, आणि कार्बनच्या अणूची ७७. दोन्हीकडे तो शेजाऱ्यांना ढकलूनच बसतो, पण बीसीसीत त्याला इतकं ढकलावं लागतं, की तो जवळजवळ शिरतच नाही.